कांदा चाळीत पंखे बसवण्याचा प्रायोगिक प्रकल्प : अहवाल व शिफारस

प्रति : संचालक मंडळ, शेतकरी उत्पादक कंपनी
प्रेषक : प्रकल्प समन्वयक

शिफारस आधीच सांगतो. येत्या उन्हाळी हंगामात ६० चाळींना पंखे लावू नयेत. १५ चाळींनाच लावावेत.

मे ते ऑक्टोबर या काळात येवला तालुक्यातल्या सहा सभासदांच्या चाळींत शेजारी-शेजारी दोन कप्पे भरले, प्रत्येकी ५० क्विंटल. एका कप्प्याला खालून हवा देणारा पंखा बसवला, दुसरा नेहमीसारखा ठेवला. एका सभासदाने घरातल्या आजारपणामुळे ऑगस्टमध्येच माल काढला, त्यामुळे हिशेब पाच चाळींचा आहे.

साध्या कप्प्यांतल्या २५० क्विंटलपैकी १६० क्विंटल कांदा विकण्याजोगा राहिला, पंख्याच्या कप्प्यांत १९०. वजनातली घट फारशी थांबली नाही (४५ ऐवजी ४० क्विंटल) आणि कोंबाचा कांदा १२ वरून ९ वर आला. खरा फरक सडीत पडला : ३३ क्विंटलऐवजी ११.

पण पाचही चाळी सारख्या नाहीत. चार ठिकाणी मिळून २८ क्विंटल वाचले, पाचव्या ठिकाणी अवघे दोन. ती चाळ मळ्यात आणि सभासद गावात. बाकीचे चौघे झड लागली की उठून पंखा बंद करत. इथे टायमरवरचा पंखा भर पावसातही ओली हवा आत ओढत राहिला. ऑगस्टअखेर फळी काढली तेव्हा बुडाच्या थरात हात घालवत नव्हता, पत्तीखाली काळी बुरशी धरली होती. दोष पंख्याचा नाही, आपण टायमर निवडला त्याचा आहे, आणि ती निवड माझी होती.

एका कप्प्याला पंखा, नळी, वायरिंग धरून १४,५०० रुपये लागले आणि पाच महिन्यांची वीज सुमारे १,९०० रुपयांची. सरासरी सहा क्विंटल वाचले. भाव १,६०० रुपये मिळाला तर वीज वजा जाता ७,७०० रुपये हाती राहतात, म्हणजे दोन हंगामांत पैसे फिटतात. भाव हजारावर घसरला तर साडेतीन हंगाम लागतात. पावसाळ्यातला भाव कोणी सांगावा? म्हणून कर्ज काढून पंखे बसवण्याच्या मी विरोधात आहे.

न सुटलेले प्रश्न असे. हवेतली आर्द्रता वाढली की पंखा आपोआप बंद करणारा स्विच २,२०० रुपयांना मिळतो, पण आपण तो वापरून पाहिलेला नाही. मळ्यातली शेतीपंपाची लाइन पाळीने येते, त्यामुळे घरगुती जोडणी नसलेल्या चाळींचे काय करायचे हे ठरलेले नाही. दोन चाळींत उंदरांनी वायरी कुरतडल्या. लोखंडी पाइप घातला की खर्च वाढणार. आणि ओल्या मानेचा कांदा चाळीत भरला तर पंख्याने काही भागत नाही, हे सभासदांना पटवणे बाकी आहे.

१५ चाळींना स्विचसह २,५०,५०० रुपये लागतील. त्यांतल्या निम्म्या तरी मळ्यातल्या असाव्यात. कांदा एप्रिलपासून चाळीत पडू लागतो, तेव्हा सामानाची मागणी फेब्रुवारीच्या बैठकीतच मंजूर व्हावी.