फोर्कलिफ्ट आणि पायी माणूस: सकाळच्या पाळीआधीचं बोलणं

नमस्कार मंडळी. माथाडी मंडळी, जरा पुढे या, पंख्याच्या आवाजात मागे ऐकू येत नाही. पाच मिनिटं घेतो. डॉक ३ वरची गाडी तेवढी थांबेल, मी ड्रायव्हरला सांगितलंय.

गेल्या आठवड्यात सी रॅकच्या टोकाला काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. फोर्कलिफ्ट गल्लीतून बाहेर पडत होती आणि पिकिंगचा मुलगा स्कॅनरकडे बघत नेमका समोर आला. ऑपरेटरने करकचून ब्रेक मारला, मुलगा मागे सरकला आणि पॅलेटवरची वरची खोकी तो उभा होता त्याच जागी पडली. कुणाला लागलं नाही, पण म्हणून तो विषय मी संपवणार नाही. दोघांपैकी कुणालाच दुसरा दिसणं शक्य नव्हतं. टोकाला रिजेक्ट मालाच्या पॅलेट रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामागे गोल आरसा अर्धा झाकला गेला होता.

जरा हिशोब करू. आत ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आहे. तेवढ्या वेगातही गाडी एका सेकंदात दोन मीटरपेक्षा जास्त पुढे जाते. माणूस दिसला आणि पाय ब्रेकवर गेला, यात एखादा सेकंद जातोच. आपली अडीच टनी गाडी रिकामी असली तरी साडेतीन-चार टनांची आहे, त्यात माल भरलेला. माणूस कोपऱ्यावर दोन पावलांवर दिसला, तर कितीही हुशार ऑपरेटर असला तरी गाडी वेळेत थांबत नाही. म्हणून कोपऱ्याआधी वेग चालण्याइतका करायचा, हॉर्न द्यायचा, आरशात बघायचं, मगच वळायचं. हॉर्न प्रत्येक वळणाला, गल्ली रिकामी वाटली तरी. मालाने समोरचं दिसत नसेल तर गाडी रिव्हर्समध्ये, मागे वळून बघत न्यायची. मान दुखते हे मला माहीत आहे, तरीही. चढावर मात्र माल पुढे ठेवूनच चढायचं आणि बाजूला एक माणूस इशाऱ्याला उभा करायचा.

आता चालणाऱ्यांसाठी. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. तोंड डावीकडे गेलं की मागचा भाग उजवीकडे झपकन बाहेर येतो. गाडी आणि रॅक यांच्यामध्ये उभं राहिलेला माणूस तिथेच चिरडला जातो. गाडी वळत असताना तिच्या शेजारी थांबू नका, ओळखीचा ऑपरेटर असला तरी. ओलांडायचं असेल तर थांबा, ऑपरेटरशी नजर मिळवा, त्याने हाताने इशारा केला की मगच पाय टाका. आणि उचललेल्या फोर्कखालून कुणीही जाणार नाही, फोर्क रिकामे असले तरी. बॅटरीवरची गाडी जवळ आली तरी आवाज येत नाही, त्यामुळे कानात इअरफोन नको. जमिनीवर निळा दिवा सरकताना दिसला की गाडी येतेय असं धरा आणि थांबा.

पिवळ्या पट्ट्यांमधून चाला, हे आपण वर्षानुवर्षं सांगतोय. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या रंगाने कुणी थांबत नाही. लोक मधून का जात होते ते मी उभं राहून पाहिलं: पाण्याचा कूलर आणि हजेरीचं मशीन दोन्ही डॉकच्या पलीकडे होते. चालत जायची वाट लांब, मधली जवळची. माणूस जवळचीच धरणार. म्हणून कालपासून दोन्ही गेटच्या बाजूला आणलेत. डॉक २ ते सी रॅकपर्यंत लोखंडी रेलिंग लागलंय, ओलांडायला दोनच जागा आहेत आणि तिथे झडपेचं गेट आहे. रेलिंगखालून वाकून जाताना दिसलात तर मी तुम्हालाच थांबवणार, मग घाई कुणाचीही असो.

टेम्पोचे ड्रायव्हर आणि क्लीनर डॉकवर मोकळे फिरतात, तेही आता चालणार नाही. चलन देऊन त्यांनी वेटिंगमध्ये बसायचं. मुकादमांनी हे त्यांना नीट, गोड शब्दांत सांगावं. रात्रभर गाडी चालवून आलेली माणसं असतात.

पावसाचं एक वेगळं सांगतो. बाहेरच्या उजेडातून गाडी आत आली की डोळ्यांना अंधार सरावायला काही सेकंद लागतात, आणि डॉकचा दरवाजा ओलांडला की जमीनही ओली असते. ऑपरेटरनी दरवाज्यावर पूर्ण थांबायचं. पाणी दिसलं की ज्याला दिसलं त्याने हाउसकीपिंगच्या ताईंना हाक मारायची आणि त्या येईपर्यंत तिथे कोन ठेवून उभं राहायचं.

शेवटचं काम आजचंच. सी, ई आणि एच रॅकच्या टोकांना जमिनीवर तिरप्या पट्ट्या मारल्यात. त्या चौकोनात पॅलेट, हँडपॅलेट, रिकामी खोकी, काहीही ठेवायचं नाही. सी च्या टोकाला अजून दोन पॅलेट आहेत. पहिली गाडी सुरू व्हायच्या आधी त्या हलवा. आरसे कोण पुसणार? पिकिंगवाले? ठीक, शिडी स्टोअरमधून घ्या आणि खाली एक जण धरून उभा राहा. कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.