विषय: दुपारच्या मालाचा तांबूस बेदाणा, डिपिंगचं द्रावण आणि एक छोटी चाचणी

अश्विनीताई, नमस्कार.

शनिवारी सांगलीच्या परिषदेत तुम्ही विचारलं होतं, की बाग तीच, दिवस तोच, शेडही तेच, तरी सकाळी बुडवलेल्या क्रेटचा बेदाणा हिरवट-पिवळा आणि दुपारनंतरचा तांबूस का उतरतो? पुढचं सत्र सुरू झालं आणि बोलणं अर्धवट राहिलं. माझा पहिला संशय टाकीतल्या द्रावणावर आहे. पण तो तपासून घ्यायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

१०० लिटर पाण्याला २.५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि १.५ लिटर डिपिंग ऑइल हे प्रमाण तुम्ही पाळता. ताज्या द्रावणाचा पीएच ११ च्या थोडा वर असतो. क्रेटमागून क्रेट बुडत गेले की फुटक्या मण्यांचा आंबट रस त्यात मिसळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइडही मुरतो आणि पीएच उतरतो. इथेच फसायला होतं. कार्बोनेट पीएचला धरून ठेवतं, त्यामुळे आकडा थोडाच हलतो. पीएच १०.३ च्या आसपास आला, तर निम्मं कार्बोनेट बायकार्बोनेट झालेलं असतं. म्हणजे ‘अजून दहाच्या वर आहे’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

तेलाचं पीएचवरून काहीच कळत नाही. घड तेल अंगावर घेऊनच बाहेर येतात, म्हणून नुसतं कार्बोनेट वाढवलं तर पीएच सुधारेल, तेलाची कमतरता तशीच राहील. द्रावण दुधाळ दिसायला हवं. वर तेलाचा तवंग आला, की काही मण्यांना तेल जास्त लागतं आणि काही कोरे राहतात. कोऱ्या मण्यांवरची मेणाची लव तशीच राहते, पाणी सावकाश सुटतं, आणि मणी जितका वेळ ओला तितका काळपटपणा जास्त. नागजकडचं बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम कार्बोनेटला धरून तळाला पांढरा साका बसतो. तो बसतो का, एवढं बघून ठेवा.

दुसरी शक्यताही सोडून चालणार नाही. दुपारचा माल क्रेटमध्ये तापून, दबून आलेला असतो. मग दोष द्रावणाचा की मालाचा? ते वेगळं काढायला एक दिवस पुरेल. २२ ब्रिक्सच्या वरच्या एकाच प्लॉटमधून प्रत्येकी पाच क्रेटचे तीन गट करू:

पहिला: सकाळचा माल, ताजं द्रावण.
दुसरा: दुपारचा माल, सकाळपासून वापरलेलं द्रावण.
तिसरा: दुपारचा माल, वेगळ्या टबात नव्याने केलेलं द्रावण.

बुडवण्याचा वेळ तिन्हींना सारखा. रॅकच्या मधल्या एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी, एकेरी थर. नंतरच्या फवारण्याही सारख्याच. प्रत्येक गटातली दोन किलोची एक जाळी खूण करून तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी वजन करायचं. तिसरा गट पहिल्यासारखा उतरला तर दोष द्रावणाचा. दुसऱ्यासारखा उतरला तर तोडणी ते टाकी या वेळेत लक्ष घालावं लागेल. रंग नोंदवून होईपर्यंत या मालाला गंधकाची धुरी मात्र नको, ती फरक झाकून टाकते.

पीएच मीटर मी आणतो. तुमच्याकडे असेल तर तो ७ आणि १० च्या बफरवर लावून घ्या. बरेच जण ४ आणि ७ वर लावतात, पण आपलं सगळं काम १० च्या पुढे चालतं. काचेच्या टोकावर तेल बसलं की आकडा चुकतो. दर वेळी कोमट साबणपाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. पट्टीचा कागद तेलकट द्रावणात भरवशाचा नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुमची तोडणी सुरू होणार म्हणालात. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेड अजून मोकळं असेल, तेव्हाच हे उरकावं. एकदा रॅक भरले की मधला मजला रिकामा मिळत नाही. ११ किंवा १२ फेब्रुवारी चालेल का? मी तासगावहून सकाळी सातपर्यंत पोहोचतो, बुडवणं संपेपर्यंत थांबतो. वजनं तुमच्या माणसाने लिहून ठेवली तर पुरे. माल सुकल्यावर तिन्ही गटांचे अर्धा-अर्धा किलोचे नमुने आमच्या ग्रेडिंग युनिटवर पाठवा, एकाच उजेडात शेजारी ठेवून बघू.

त्याआधी एकच काम: बोअरचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून, तासगावला येणाऱ्या गाडीबरोबर पाठवा. जडपणा मी इथे तपासून घेतो. पाणी फारच जड निघालं तर चाचणीसाठी टँकरचं गोडं पाणी सांगावं लागेल, त्याला दोन दिवस आधी कळलेलं बरं.

गुरुवारी संध्याकाळी सातनंतर फोन करतो. तारीख तेवढी ठरवून ठेवा.

आपला,
सुहास
बेदाणा वॉशिंग-ग्रेडिंग, तासगाव