टाचण एका पानात बसलं पाहिजे

नमस्कार. केंद्रप्रमुख साहेब, सगळे मुख्याध्यापक, गुरुजी, बाई, सगळ्यांना नमस्कार. व्यासपीठ बिसपीठ म्हणत बसत नाही, टाइम थोडा आहे, जेवणाच्या आधी उरकायचंय, आणि मला माहीत आहे की जेवण झाल्यावर टाचणावर बोलणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नसतं.

मला साहेबांनी विषय दिलाय, पाठ टाचण थोडक्यात आणि कामाचं कसं लिहावं. मी एकच गोष्ट सांगणारे, बाकी सगळं त्याच्याच भोवती आहे. टाचण हे उद्या सकाळी वर्गात उभं राहणाऱ्या बाईसाठी असतं. तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी नसतं. साहेब समोर बसलेत, तरी बोलते, कारण परवा फोनवर त्यांनीच सांगितलं की मॅडम मोकळं बोला.

आता खरं सांगा, किती जणांनी शिकवता शिकवता टाचण वही उघडून बघितली यंदा? हात वर करू नका, राहू द्या. आपण वही लिहितो शनिवारी बसून अख्ख्या आठवड्याची, नाहीतर भेट आहे म्हणून कळलं की रात्री, आणि वर्गात जाताना ती कपाटात ठेवून जातो. म्हणजे ज्या कामासाठी ती लिहिली तेवढं एकच काम सोडून बाकी सगळ्याला ती उपयोगी पडते. आणि आता तर पीडीएफ आलेत ग्रुपवर, पहिली ते आठवी सगळे विषय, प्रिंट मारा आणि लावा फाइलला. एक टाचण माझ्याकडं सहीला आलं, वर शाळेचं नाव दुसऱ्याच जिल्ह्यातलं. मी सही केली नाही, पण त्या बाईंना रागावले पण नाही, कारण चार रकान्यांचं तीन पानी टाचण रोज पाच तासांचं हातानं लिहायचं म्हणलं तर माणूस दुसरं काय करणार ओ?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत काय लिहिलंय ते बघा कधीतरी. शिक्षकाचं काम आठवड्याला किमान 45 तास, शिकवणं आणि तयारी दोन्ही धरून. म्हणजे तयारी हा कामाचाच भाग आहे, कायद्यानंच मानलाय. पण ती तयारी म्हणजे विचार करणं, साहित्य जमवणं, पोरांच्या वह्या बघणं. गाइडमधून उतरवून काढणं नाही. त्या वेळातून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार यादी सगळं वजा केलं की उरतं किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी त्यात पडत नाही.

बरं, हे लांब टाचण आलं कुठून? डीएड, बीएडला आपण सराव पाठ काढले, त्यातून. हर्बार्टची पंचपदी सगळ्यांनी पाठ केलेली, हर्बार्ट वारले 1841 साली आणि पाच पायऱ्या तर नंतर त्यांच्या शिष्यांनी बसवल्या, आणि आपण अजून इथं प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन लिहितोय. ते चूक होतं असं नाही. शिकाऊ माणसाला सगळं सुटं करून लिहायला लावतात, लावावंच. जे नवीन शिक्षक आत्ता पवित्र पोर्टलवरून रुजू झालेत त्यांनी पहिल्या वर्षी जरा सविस्तरच लिहा, लगेच माझं ऐकून चार ओळींवर येऊ नका. पण ज्यांची सर्व्हिस पंधरा वीस वर्षं झालीय त्यांनी "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील" हे वाक्य रोज पाच वेळा कामून लिहायचं? ऐकतील का नाही ते वर्गात कळतंच की.

आता हा फळ्यावर नमुना लिहिलाय तो बघा, मागं दिसत नसेल तर वाचून दाखवते. माझ्या शाळेत तिसरीला जसं चाललंय तसंच.

इयत्ता तिसरी, गणित, वजाबाकी, मधे शून्य.
शेवटी जमलं पाहिजे : 402 − 178 स्वतः करील, आणि शतक कुठं मोडलं ते दाखवील.
साहित्य : खेळातल्या नोटा. शंभरच्या 4, दहाच्या 10, एक रुपयाची नाणी 12.
पहिला प्रश्न : तुझ्याजवळ शंभरच्या चार नोटा आणि दोन रुपये. दुकानदाराला 178 द्यायचेत, त्याच्याकडं सुटे नाहीत. काय करशील?
अडकणार : उत्तर 376 येईल. तेव्हा विचारायचं, 178 आणि 376 मिळून किती होतात?
सराव : 503 − 267, 600 − 245.
जाताना : 305 − 128, एकट्यानं, वहीत.
शेरा :

एवढंच. सात ओळी आणि शेरा रिकामा, तो तास झाल्यावर. लिहायला दहा मिनिटं लागतात, पण त्याच्या आधी विचार करावा लागतो, तो कोणी माफ करत नाही.

यातली "अडकणार" ही ओळ बघा. माझ्या मते बाकी सगळं खोडलं तरी चालेल, ही ओळ पाहिजे. 376 कुठून आलं? पोरगं एककात बघतं, 2 मधून 8 जात नाहीत, मग ते गुपचूप 8 मधून 2 काढतं, 6. दशकात 0 आणि 7, तिथं 7 लिहितं. शतकात 4 मधून 1 गेला, 3. त्याला कुठंच काही अडलं नाही, लई खुशीत वही घेऊन येतं. आपण काय करतो, लाल पेनानं फुली मारतो आणि म्हणतो "हातचा घे की". त्याला हातचा घ्यायचं कळालं असतं तर घेतलाच असता ना. आता हे जर मला आदल्या दिवशीच माहीत असेल की 376 येणार, तर माझा प्रश्न तयार असतो. 178 आणि 376 मिळव म्हणलं की ते 554 काढतं आणि स्वतःच थांबतं, की माझ्याकडं तर 402 च होते. मग नोटा हातात द्यायच्या. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक दहाची मोडून एकची दहा. तीन नोटा शंभरच्या, नऊ दहाच्या, बारा नाणी. आता दे म्हणावं 178. हे नोटांवर दोनदा झालं की मग फळ्यावर वरती 3, 9, 12 लिहिलेलं त्याला दिसतं, नाहीतर ती नुसती खाडाखोड असते.

गाइडमधल्या टाचणात ही ओळ नसते. असूच शकत नाही, कारण गाइड लिहिणाऱ्यानं तुमच्या वर्गातली वही बघितलेली नाही. ती ओळ फक्त तुम्हालाच लिहिता येते आणि आपण नेमकी तीच सोडून बाकीचं लिहितो.

अध्ययन निष्पत्तीबद्दल एकजण मगाशी विचारत होते. कोड नंबर टाका कोपऱ्यात, साहेबांना जुळवायला बरं पडतं. पण खाली साध्या भाषेत लिहा की पोरगं काय करून दाखवील. "समजेल", "जाणीव होईल" असलं लिहू नका, जाणीव झाली का नाही हे कोण बघायला गेलंय.

आता दोन शिक्षकी शाळा. आपल्या केंद्रात बऱ्याच शाळा तशाच आहेत, एका बाईकडं पहिली दुसरी, एका सरांकडं तिसरी चौथी, नाहीतर एकजण ट्रेनिंगला गेला की सगळंच एकाकडं. तिथं प्रत्येक वर्गाचं वेगळं टाचण लिहून उपयोग नाही. पान उभं दोन भागात करा. मी तिसरीसोबत आहे तेव्हा चौथी काय करतेय, आणि उलट. ते "काय करतेय" असं पाहिजे की पोरांना दर दोन मिनिटाला उठून "बाई पुढं काय" विचारायला यावं लागू नये. मला विचाराल तर बहुवर्गाच्या टाचणात जमलं का नाही हे त्या दुसऱ्या रकान्यावरच ठरतं.

आणि ऊसतोडीचं. दिवाळी झाली की आपली निम्मी पोरं कारखान्याच्या भागात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही जातातच आईबापाबरोबर, आणि येतात मार्चनंतर. तेव्हा तुम्ही भागाकारावर असता आणि ते पोरगं वजाबाकीला सुटलेलं असतं. त्या वेळेला तीन पानी टाचण काढून कोण वाचणार? पण हे एक पान काढलं, शेऱ्यात लिहिलेलं असलं की "नोटांनी जमलं, फळ्यावर सहा जणांना नाही", तर चौथीतल्या एखाद्या हुशार पोरीला ते पान आणि नोटांची डबी दिली तरी ती बसून करून घेते. आमच्याकडं करून घेतात.

म्हणून शेरा सोडू नका. "पाठ यशस्वी झाला" हा शेरा नाही. कोण राहिलं, कुठं राहिलं, उद्या काय, बस. आणि वही पुढच्या वर्षी फेकू नका, डावं पान कोरं सोडा, पुढच्या वर्षी तिथंच दुरुस्ती करा. तारीख बदला, खाली सही घ्या. दरवर्षी नवीन वहीत तेच उतरवून काढायचं बंद करा, निदान माझ्या शाळेत तरी मी ते मागत नाही.

सगळे विषय याच साच्यात बसत नाहीत, कवितेला वेगळं लिहा, तिथं ताल आणि दोन प्रश्न पुरतात. काही ठिकाणी टाचण आधीच सुरू होतं. 17 सप्टेंबर घ्या, मुक्तिसंग्राम दिन. 1948 सालचं नुसतं भाषण केलं तर पोरं ऐकून घेतात आणि खिचडीच्या रांगेला लागतात. तीन दिवस आधीच्या पानावर एक ओळ पाहिजे, "आजोबा-आजीला विचारून या, रझाकाराच्या काळातलं त्यांनी त्यांच्या घरी काय ऐकलं." आपल्या भागात घरोघर काहीतरी निघतंच.

शेवटचं, भेटीला कोणी आलं आणि म्हणलं एवढंसंच टाचण? तर त्यांना तास बघायला बसवा. केंद्रप्रमुख साहेबांशी माझं बोलणं झालंय, आपल्या केंद्रात वार्षिक आणि घटक नियोजन पूर्ण पाहिजे, रोजचं टाचण एक पान चालेल, वरचे साहेब आले तर ते स्वतः सांगणार आहेत. वार्षिक नियोजनात मात्र काटकसर नको, तिथं सुट्ट्या, चाचण्या, आपली यात्रा, सगळं धरून नीट मांडा, म्हणजे रोजच्या पानावर ते ओझं येत नाही.

बरं आता वह्या काढा. उद्याचा पहिला तास जो असेल तोच घ्या, नमुना पाठ नको. वीस मिनिटं. लिहून झालं की शेजारच्याला द्या, आणि शेजारच्यानं फक्त "अडकणार" ही ओळ वाचायची. ती रिकामी असली किंवा "विद्यार्थ्यांना अवघड जाईल" असलं काही लिहिलेलं असलं तर वही परत. मागच्या बाकावरचे सर, तुम्ही पण. मोबाइल ठेवा, पीडीएफ सापडेल त्यात.