विषय: वाई तालुक्यातील जमीन – इसार द्यायचा की नाही, याचं उत्तर केव्हा मिळेल

मंगळवार, 11 फेब्रुवारी 2025

माने सर, नमस्कार.

काल रात्री तुमची मेल आली. "इसाराचे पाच लाख रविवारी द्यायचे का? फक्त हो की नाही एवढंच सांगा," असं तुम्ही विचारलंत. आज मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. शुक्रवारी, 14 तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत माझी पुढची मेल येईल आणि ठाम उत्तर गुरुवारी, 20 तारखेला मिळेल. तोवर इसार देऊ नका. चेकनं नको, रोख तर नकोच, आणि "नुसतं टोकन म्हणून अकरा हजार ठेवा" म्हणाले तर तेही नको.

आता अडलंय कुठे ते सांगते.

तुम्ही पाठवलेला डिजिटल सहीचा सातबारा वाचला. 62 आर, शेतसाऱ्याचा आकार 2 रुपये 35 पैसे, भोगवटादार वर्ग 2, आणि इतर हक्कात "नवीन शर्त", त्याखाली फेरफार क्रमांक 412. ही शर्त, म्हणजे विक्रीवरचं सरकारी बंधन, कोणत्या कायद्याखाली बसली, ते सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेलं नाही. मूळ मालकांचं म्हणणं आहे की त्यांचे आजोबा कूळ होते, जमीन कूळकायद्यानं मिळाली, आणि 2014 पासून अशा जमिनीला परवानगी लागत नाही. कूळकायद्याच्या जमिनीपुरतं त्यांचं बोलणं खरं आहे. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 43 मध्ये 2014 साली दुरुस्ती झाली. कुळानं जमीन खरेदी करून दहा वर्षं उलटली असतील, तर विक्रीसाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारजमा करायची, घेणारा शेतकरी हवा, आणि त्याची एकूण जमीन कमाल मर्यादेच्या आत हवी. तुमच्या बाबतीत ही चाळीस पट म्हणजे 94 रुपये. वाईच्या स्टँडवर दोघांचा चहा-नाश्ता याहून महाग पडेल. तसं असेल तर या मुद्द्यावर माझं उत्तर एका ओळीत "हो" असेल.

पण मूळ मालकांनीच दिलेल्या जुन्या, हाती लिहिलेल्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर कब्जेदाराच्या नावाशेजारी एक पुसट शब्द आहे. भिंग लावून पाहिला, मला तो "इनाम" वाटतो. पुढे वर्गाचा आकडा आहे, पण तो झेरॉक्समध्ये काळा पडलाय. ही जमीन मुळात इनाम किंवा वतनाची असेल आणि वतन खालसा झाल्यावर नवीन शर्तीवर परत दिलेली असेल, तर 2014 च्या दुरुस्तीचा तिला काही उपयोग नाही. मग कोणतं वतन, कोणता कायदा, विक्रीपूर्वी कोणाची परवानगी आणि सरकारला भरायचा नजराणा किती, हे सगळं नव्यानं बघावं लागेल. असा नजराणा बाजारभावाच्या टक्केवारीत निघू शकतो. तुमचा व्यवहार 46 लाखांत ठरलाय, तेव्हा तो आकडा 94 रुपयांच्या जवळपासही राहणार नाही. शिवाय परवानगीविना झालेल्या खरेदीवर शर्तभंगाची कारवाई होते, आणि ती तोवर सातबाऱ्यावर ज्याचं नाव लागलेलं असेल त्याच्यावर येते. म्हणजे तुमच्यावर.

तिसरीही शक्यता आहे, सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्यात, अतिरिक्त ठरून वाटप झालेल्या जमिनीची. गटाचं क्षेत्र आणि खातेदारांची नावं बघता मला ती फारशी संभवत नाही, पण खोडून टाकायला कागद लागतो.

थोडक्यात, सगळं फेरफार 412 च्या एका पानावर येऊन थांबलंय. त्यावर कूळकायद्याच्या कलम 32ग किंवा 32म चा उल्लेख निघाला तर जमीन कुळाची. वतनाच्या कायद्याचं नाव निघालं तर गोष्ट वेगळी. हे पान ऑनलाइन मिळत नाही, इतका जुना फेरफार आहे तो. काल, सोमवारी, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्याच्या नकलेसाठी अर्ज दिला. सोबत जुन्या सातबाऱ्यांची सलग साखळी आणि शेतजमीन न्यायाधिकरणाचं 32म चं, म्हणजे कुळानं जमीन खरेदी केल्याचं, प्रमाणपत्र दप्तरी असेल तर त्याचीही नक्कल मागितली आहे. रजिस्टर शुक्रवारी दुपारी काढून दाखवू, असं तिथल्या कारकुनांनी सांगितलंय. माझा सहकारी अभिजित त्या वेळी तिथे हजर राहील आणि पान वाचून मला फोन करेल. सही-शिक्क्याची नक्कल हाती यायला मात्र सोमवार-मंगळवार उजाडेल. बुधवारी 19 तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे, म्हणून मी तुम्हाला गुरुवार दिलाय. आधी झालं तर आधी कळवेन, पण तुम्ही गुरुवारच धरून चाला.

दुसरा प्रश्न बहिणींचा. हा तुम्ही विचारलेला नाही, पण उत्तर यावरही अवलंबून आहे. मूळ मालकांचे वडील 2011 मध्ये गेले. वारस नोंदीत दोन मुलगे आणि दोन मुली अशी चार नावं लागली, आणि चारच महिन्यांनी मुलींची नावं "हक्क सोडला" या शेऱ्यानं कमी झाली. गावाकडे हे सर्रास चालतं. तलाठ्यापुढे जबाब, खाली सही, झालं. कायद्याला ते पुरत नाही, जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवलेलं हवं. 2011 नंतरचे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दिसायला हवेत. मी काल शोधलं, गावाच्या नावानं आणि गट नंबरानं काही सापडलं नाही. पण नाव एका जागी माहेरचं नि दुसऱ्या जागी सासरचं, किंवा गट नंबर चुकून सर्व्हे नंबर म्हणून पडलेला, असं होतं. म्हणून उद्या, बुधवारी, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या दस्तांच्या सूची 2 चा शोध प्रत्यक्ष घेतोय. याचं उत्तर शुक्रवारच्या मेलमध्ये नक्की असेल. दस्त निघाला नाही तरी व्यवहार मोडत नाही. दोघी बहिणींना खरेदीखतावर सह्या करायला यावं लागेल, एवढंच. त्यांची तयारी आहे का, हे मात्र मालकांना इसाराआधी विचारावं लागेल, नंतर नाही.

तिसरं, दावा. ई-कोर्ट्सवर वाईच्या दिवाणी न्यायालयात दोन्ही भावांच्या नावानं शोध घेतला, चालू दावा दिसला नाही. वडिलांच्या नावानं घ्यायचा राहिलाय, तो आज संध्याकाळी होईल. काही सापडलं तर शुक्रवारची वाट बघणार नाही, लगेच फोन करेन.

ज्याचं उत्तर आजच पक्कं आहे तेही सांगून टाकते. तुम्ही शेतकरी आहात का, हा प्रश्न सुटला. तुमच्या नावचा साताऱ्याकडचा 8अ पुरेसा आहे आणि कूळकायद्याच्या कलम 63 ची अडचण येणार नाही. पूर्ण गट घेताय, त्यामुळे तुकडेबंदीचाही प्रश्न नाही. वहिनींचं नाव खरेदीखतात घालायचं असेल तर त्यांच्या स्वतःच्या शेतकरी असण्याचा कागद लागेल. तो असेल तर शोधून ठेवा, घाई नाही.

शुक्रवारी रजिस्टर निघालंच नाही तर काय, हे तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं. अभिलेख कक्षात पान फाटलेलं असणं, किंवा रजिस्टर दुसऱ्या टेबलावर गेलेलं असणं, हे नवीन नाही. तसं झालं तरी सहापर्यंत माझी मेल येईल. काय मिळालं, काय नाही, आणि नवी तारीख कोणती, हे तिच्यात लिहिलेलं असेल. काही मिळालं नाही म्हणून मी गप्प बसणार नाही. फेरफार 412 मिळतच नसल्याचं लेखी आलं, तर गावच्या जुन्या फेरफार नोंदवहीची दुसरी प्रत आणि वतनाचं दप्तर शोधावं लागेल. त्यात दोन-तीन आठवडे जातील. तेवढं थांबायचं की व्यवहार सोडायचा, हे मग आपण समोरासमोर बसून ठरवू.

मालकांचा तगादा मी समजू शकते. "दुसरी पार्टी तयार आहे" हे ते खरंही बोलत असतील. पण दुसऱ्या पार्टीच्या वकिलालाही हेच पान काढावं लागेल, त्याला काही वेगळी वाट नाही. त्यांना तोडून बोलू नका. मी खाली मजकूर देतेय, व्हॉट्सॲपवर जसाच्या तसा पाठवलात तरी चालेल.

"नमस्कार. जमीन मला घ्यायची आहे आणि ठरलेल्या भावात बदल नाही. वकील फेरफार क्र. 412 ची नक्कल काढत आहेत, ती 20 तारखेपर्यंत येईल. तुमच्याकडे आजोबांचं 32म चं प्रमाणपत्र किंवा 412 ची जुनी नक्कल असेल तर फोटो पाठवा, काम लवकर होईल. तसंच बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदवलं होतं का, तेही कळवा. कागद स्वच्छ निघाले की दोन दिवसांत इसार चेकनं देतो."

शेवटच्या वाक्यातला "चेकनं" शब्द काढू नका. आणि त्यांनी 32म चा फोटो पाठवलाच, तर तो बघून स्वतः निर्णय घेऊ नका, मला पाठवा. प्रमाणपत्रावरचा गट किंवा सर्व्हे नंबर आणि खरेदीची तारीख मला जुळवून बघायची आहे, दहा वर्षं त्या तारखेपासून मोजतात.

तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. जुन्या सातबाऱ्याची ती झेरॉक्स तुम्ही मोबाइलवर काढून पाठवली होती. मूळ कागद मालकांच्या घरी असेल तर उजेडात, घडी न पडता, पुन्हा फोटो काढून आणा, कदाचित वर्गाचा आकडा वाचता येईल. आणि त्यांच्याशी बोलणं झालं की ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत कळवा.

20 तारखेच्या गुरुवारी सकाळी मी साताऱ्याला कोर्टात असेन, फोन बंद राहील. दुपारी चारनंतर मीच तुम्हाला फोन करेन आणि त्याच दिवशी लेखी अभिप्रायही पाठवेन. मधे काही तातडीचं वाटलं तर ऑफिसच्या नंबरवर अभिजितशी बोला, फाइल त्याच्याकडेच आहे.

आपली,
ॲड. सुजाता निकम
वाई