पाचशे चौदा ताटं

भूषणचा फोन रीसेट झाला आणि पल्लूच्या लग्नाची अर्धी तयारी एका दुपारीत गायब झाली.

झालं काय की फोन अपडेट मारल्यावर कंपनीच्या लोगोवर अडकून बसला, पुढेच जाईना, मग हा शहाणा अमळनेरच्या एका मोबाईलवाल्याकडे घेऊन गेला, त्याने विचारलं बॅकअप आहे ना, हा म्हणाला आहे, आणि त्या पोराने फोन धुऊन पुसून कोरा करून हातात दिला. बॅकअप होता, पण दिवाळीच्या आधीचा. गूगलचं पंधरा जीबी लग्नाच्या व्हिडिओंनी आणि गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरून गेलेलं, त्यानंतर काही चढलंच नाही आणि याने ती नोटीस रोज बाजूला सारली.

आता भूषण म्हणजे आमचा आतेभाऊ, फुईचा मोठा. लग्नाचं सगळं त्याच्याकडे होतं. आचारी, मंडप, बँड, सुरतहून बस्ता, नवरदेवाकडच्यांचा मानपान, सगळं तोच बोलायचा. अण्णा फोनवर भाव करायला गेले की आवाज चढतो आणि समोरचा घाबरून फोन ठेवतो, म्हणून ते काम त्याला दिलेलं. ग्रुप होता घरचा, पण ग्रुपवर नुसतं "ओके", अंगठे आणि मामाचे फॉरवर्ड. खरं बोलणं सगळं त्याच्या एकट्याच्या चॅटमध्ये.

मी आखाजीसाठी नाशिकहून माहेरी पारोळ्याला आलेली. झोका नाही, सांजोरी नाही, आल्या आल्या पल्लू माझा हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि कूलरसमोर बसून रडायला लागली. ताई, मंडपवाला किती वाजता येणार तेही कुणाला माहीत नाही.

भूषणला फोन केला.

"बाई, माले काय आठवस आते? इतला लोकांशी बोलनू मी."

"आचाऱ्याला किती ताटं सांगितली ते तरी?"

"पाचशे... पाचशेच व्हती."

"नक्की?"

"व्हतीन ना."

मग आम्ही ठरवलं, चॅट याच्या फोनमधून गेलं, पण समोरच्याच्या फोनमध्ये तर असेलच ना. प्रत्येकाला मेसेज टाकायचा की दादा, भूषणभाऊंशी झालेलं बोलणं जरा पाठवा. ऐकायला सोपं वाटतं. बँडवाला म्हणाला मी चॅट ठेवतच नाही, रात्री सगळं डिलीट करून झोपतो, बायको चेक करते. सुरतच्या साडीवाल्याने मात्र शहाण्या माणसासारखं सगळं चॅट एक्स्पोर्ट करून फाईल पाठवली, त्यातून कळलं की आहेराच्या साड्यांमध्ये अकरा नऊवारी आहेत आणि उधना स्टेशनवरून पार्सल कधी निघणार. मंडपवाल्याने स्क्रीनशॉट पाठवले, तेही उलट्या क्रमाने, शेवटचा आधी.

आचाऱ्याचं सगळ्यात अवघड. एरंडोलकडचे आजोबा आहेत, हाताला चव अशी की घोटलेली वांग्याची भाजी त्यांचीच खावी, पण त्यांचा फोन नातू चालवतो आणि स्टोरेज भरलं की नातू जुनं उडवून टाकतो. त्याच्याकडे फक्त आजोबांनी रिप्लाय करून पाठवलेले मेसेज उरले होते. पण गंमत अशी की रिप्लाय केला की वर छोट्या चौकटीत मूळ मेसेजचा तुकडा दिसतो. पल्लूने तेच पकडलं. भूषणचा मेसेज उडालाय, पण आजोबांच्या उत्तराच्या डोक्यावर तो अर्धा लटकलेला आहे. अशा तुकड्यांवरून आम्ही फुलस्केप वहीत एक पान भरलं. डाव्या बाजूला भूषण काय बोलला असेल, उजवीकडे आजोबा काय म्हणाले.

"बट्टीच्या पिठात मका किती..." असं वर, आणि खाली "मक्याचं मी बघतो. गहू जाडसर दळून आना, ओवा विसरू नका."

"वांगी कुठली घ्यायची..." खाली "भरताची नको, घोटायची भाजी आहे. काटेरी हिरवी आना."

"वाढपी तुमचे की..." खाली "माझे. पण त्यांचं जेवन तुमच्याकडे."

मजा यायला लागली होती खरं तर. पल्लूचं रडणं थांबलं, तीच आता म्हणायची ताई हा बघ, हा तुकडा त्याच्या आधीचा आहे, वेळ बघ. भूषणच्या बँकेचं स्टेटमेंट मागवलं, ते तर फोन रीसेट झाला तरी बँकेत असतंच, त्यात मंडपाला अकरा हजार, बँडला पाच हजार शंभर, आचाऱ्याला एकवीस हजार, तारखांसकट. पैशांच्या तारखा आणि तुकड्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की मधलं बोलणं आपोआप कळायचं.

मग एक तुकडा आला. वर अर्धवट, "बाबा, ताटं 514 धरा, पन घरी को..." आणि खाली आजोबांचं उत्तर, "बरं. नाही बोलनार."

"514?" पल्लू म्हणाली. "चुकून टाइप झालं असेल."

मी म्हटलं चुकून झालं असतं तर तो मागून पाचशे म्हणून दुरुस्त करेल ना, आणि हे "घरी को" काय आहे?

आम्ही यादी काढली. गावातले 180, नवरदेवाकडून 200, मामाकडचे 60, फुईकडचे 35, पल्लूच्या हॉस्पिटलचा स्टाफ 25. बरोब्बर पाचशे. बँडवाले आणि वाढपी वेगळे, ते ताटात धरत नाहीत, मागे बसतात. मग हे वरचे 14 कोण?

पुन्हा भूषणला फोन. यावेळी व्हिडिओ. पाचशे चौदा म्हटल्यावर त्याने फोन तोंडासमोरून बाजूला केला, नुसता पंखा दिसायला लागला.

"नेटवर्क नही बाई," पंखा म्हणाला.

"मागे फुई बोलतेय ते स्पष्ट ऐकू येतंय मला."

फोन कट.

तेव्हा मला शंका आली की याला आठवत नाही असं काही नाहीये, फोन रीसेट झाल्याचं याला दुःख कमी आणि सोय जास्त झालीये. ते कोडं मंडपवाल्याच्या स्क्रीनशॉटमध्ये सुटलं, जो आम्ही आधी नीट वाचलाच नव्हता कारण त्यात वर सगळं कारंजं आणि गेटच्या फुलांचं होतं. एकदम खाली भूषणचा मेसेज: "पहिल्या रांगेत डाव्या बाजूला एक सोफा वेगळा. जिभाऊ येतील, त्यांना गुडघ्यामुळे खुर्ची चालत नाही."

पल्लूने ते दोनदा वाचलं. कूलरचं पाणी संपलेलं, नुसता गरम वारा येत होता, आणि आमच्या दोघींपैकी कोणी उठत नव्हतं.

जिभाऊ म्हणजे अण्णांचे सख्खे मोठे भाऊ. घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. शेताची वाटणी झाली तेव्हा विहीर कुणाच्या तुकड्यात आणि पाणी कुणाला किती दिवस यावरून जे तोंड बंद झालं ते झालंच, माझ्या लग्नाला पण आले नाहीत, मोठी आई तेवढी मागच्या दाराने येऊन माझ्या ओटीत नारळ टाकून गेली. फुई या दोघांच्या मधे, दरवर्षी राखी दोन घरी दोन वेगळ्या वेळी बांधते. हे तिचंच काम असणार, भूषण नुसता तिचा फोन.

"सांगायचं अण्णांना?" पल्लू.

"तुला काय वाटतं?"

"मला जिभाऊ पाहिजे लग्नात. लहानपणी मी त्यांच्याच सायकलवर शाळेत जायची."

"मग गप बस."

"पण मंडपात सगळ्यांसमोर काही झालं तर? रोहितच्या घरचे असतील."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका अर्थी भूषणने फार मोठा जुगार खेळला होता आणि हरलं तर तमाशा त्याचा नाही, पल्लूचा होणार होता. मला त्याचा राग आला. आणि मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं हे पण कळत होतं, त्यामुळे राग नीट टिकेना.

आईने चहाला हाक मारली म्हणून बाहेर गेलो आणि वही दिवाणावर तशीच राहिली.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी समोर आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही, किराण्याचं बिल असो की पतसंस्थेचं पासबुक. आम्ही कप धुऊन परत येतो तर चष्मा नाकावर, वही मांडीवर, पेन्सिलचं टोक यादीवरून खाली सरकत चाललेलं.

"एकशे ऐंशी न् दोनशे, तीनशे ऐंशी," ते स्वतःशीच. "साठ, पस्तीस, पंचवीस. पाचशे. ताटं पाचशे चौदा का लिहिलीत?"

पल्लू माझ्याकडे बघायला लागली. आई दारात पदराला हात पुसत थांबली, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला सगळं आधीपासून माहीत आहे, म्हणजे या घरात ठाऊक नसलेल्या आम्ही दोघीच होतो.

"ह्या चौदा कोन शेतस?" अण्णांनी आता माझ्याकडे बघून विचारलं. अहिराणीवर आले म्हणजे गंभीर आहेत.

मी म्हटलं, "जिभाऊंच्या घरचे."

अण्णा काही बोलले नाहीत. पान उलटलं, मंडपवाल्याचा सोफा आम्ही तिथे लिहिलेला होता, तोही वाचला असणार. मग परत पहिल्या पानावर आले.

"चौदा कुठून आणले त्याने?"

"भूषणने... फुईने..."

"चुकलंय." त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. "मधल्याला मागच्या पोळ्याला मुलगा झाला. धाकट्याची बायको, तिची आई त्यांच्याकडेच राहते आता. आणि तो पुण्याचा सुटी काढून येईलच." चौदावर काट मारून शेजारी 17 लिहिलं, पोळ्याला झालेल्या पोराचं पण ताट धरलं, खाली बेरीज सुधारली, 517. "आचाऱ्याला कळवा. बट्टी कमी पडली तर शिव्या आपल्याला बसतात."

आई म्हणाली, "मग तुम्ही स्वतः जाऊन पत्रिका देणार का?"

"मी कशाला? भूषणने केलंय ना सगळं, त्यालाच पाठवा," अण्णा म्हणाले आणि कूलरमध्ये पाणी का नाही म्हणून आमच्यावर ओरडले.

मी नातवाला मेसेज टाकला, आजोबांना सांग 517, आणि हा मेसेज उडवू नको. पल्लूने त्याचा स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकला. सगळ्यात पहिला अंगठा भूषणचा.