मॉक मुलाखतीच्या रेकॉर्डिंगवरून काढलेले सरावाचे मुद्दे

पद: क्वालिटी कंट्रोल ट्रेनी, मासळी प्रक्रिया कारखाना, मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी
रेकॉर्डिंग: एकूण ५२ मिनिटं. पहिली २३ मिनिटं मुलाखत, पुढे सर आणि मॅडमचा अभिप्राय. खाली दिलेल्या वेळा रेकॉर्डिंगमधल्या आहेत, म्हणजे ती जागा काढून तुला स्वतः ऐकता येईल.

त्या दिवशी बाहेर पडताना तू म्हणालीस, "ताई, सगळं चुकलं एवढंच कळलं." म्हणून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकून हे लिहिते आहे. सगळं चुकलेलं नाही. तुला दोघांनी ज्या गोष्टींबद्दल शाबासकी दिली त्या तू त्या वेळी ऐकल्याच नाहीस, इतकी तू घाबरली होतीस. ३१:१५ ला सर म्हणतात, "हिने मासळी हाताळलेली आहे, हे बोलण्यात लगेच कळतं." त्यांच्या तोंडून असं सहज निघत नाही.

अडचण एकच आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसते. प्रश्न आला की तू पुस्तकाकडे धावतेस. शिरगावच्या कॉलेजात चार वर्षं जे हाताने केलंस, ते सर्वांत शेवटी येतं किंवा येतच नाही. खालचे सगळे मुद्दे याच एका सवयीवर आहेत.

बांगड्याचा ट्रक (११:०५)

सर्वांत जास्त वेळ यावर दे. सरांचा प्रश्न असा होता: संध्याकाळचे साडेसात, बांगड्याचा ट्रक आला आहे, वरच्या क्रेटचं तापमान ७ अंश दाखवतंय, ड्रायव्हर घाई करतोय, लाइनवर बायका कामाची वाट बघत बसल्या आहेत. तू काय करशील?

तू हॅसपपासून सुरुवात केलीस. १९६० च्या दशकातली नासा, अंतराळवीरांचं अन्न, मग सात तत्त्वं ओळीने. एकही तत्त्व चुकलं नाही. पण १३:२५ पर्यंत ट्रकचं नाव निघालं नाही आणि सरांनी थांबवलं. अभिप्रायात ते म्हणाले (३८:१०), "तत्त्वं पाठ आहेत, छान. पण ट्रक अजून गेटवरच उभा आहे."

आता ३९:२० ऐक. सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मुलाखत संपली असं समजून तू साध्या आवाजात बोललीस: "एकाच क्रेटवर नाही ठरवणार. मधल्या आणि खालच्या क्रेटमधलेही मासे घेईन, थर्मामीटर काट्याजवळ जाड मांसात टोचेन. बर्फ किती उरलाय ते बघेन." हेच उत्तर हवं होतं, आणि ते तुझ्या आवाजात टेपवर आहे. सरावाला तेच घे, नवीन काही पाठ करू नकोस.

त्यात दोघांच्या बोलण्यातून पुढच्या गोष्टी जोडायच्या. माल लाइनवर जाऊ द्यायचा नाही, वेगळा ठेवायचा, त्यावर खूण करायची आणि ताबडतोब बर्फ मारायचा. ट्रक कुठून निघाला, किती वाजता भरला, वाटेत कुठे थांबला हे ड्रायव्हरला विचारून लिहून ठेवायचं. हिस्टामाइनसाठी नमुने लॅबला पाठवायचे. आणि सुपरवायझरला फोन. मॅडमनी ४१:०० ला हा शेवटचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण तू "ट्रक परत पाठवीन" असं म्हणून गेलीस. ट्रेनीला माल नाकारण्याचा अधिकार बहुतेक नसतो, पण अडवून ठेवून वरच्याला कळवण्याची जबाबदारी नक्की असते. "मी माल होल्डवर टाकीन आणि सुपरवायझरला कळवीन" हे वाक्य तोंडात बसव.

"का" विचारलं तर कारण दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं, मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामाइन गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. म्हणूनच "पटकन फ्रीझ करून टाकू" हा ड्रायव्हरचा उपाय चालत नाही. सरांनी आकडा विचारला तेव्हा तू गप्प राहिलीस. युरोपीय संघाच्या नियमात एका लॉटमधून ९ नमुने घेतात: सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, १०० ते २०० च्या मधले नमुने दोनपेक्षा जास्त नकोत, २०० च्या वर एकही नको.

इतिहास सांगायचाच असेल तर नासाऐवजी १९९७ सांग. त्या वर्षी युरोपीय संघाने भारतातून येणारी मासळी बंद केली होती, आणि आपल्याकडच्या कारखान्यांना स्वच्छता व हॅसपकडे मनापासून वळावं लागलं. तो धडा ज्या धंद्याला मिळाला त्याच धंद्यात तू नोकरी मागते आहेस. पण हे विचारलं तरच.

"आम्ही" कुठे आणि "मी" कुठे

६:४० ते ९:०० हा प्रोजेक्टचा भाग. "आम्ही नमुने घेतले, आम्ही तपासले, आम्ही रिपोर्ट दिला." मॅडमनी ३५:३० ला विचारलं, "यातलं तू काय केलंस?" तेव्हा बाहेर आलं की रोज सकाळी थर्मामीटर तपासायचं काम तुझं होतं. बर्फ आणि पाण्याच्या लगद्यात धरून तो शून्य दाखवतो का ते बघायचं आणि वहीत नोंद करायची. क्वालिटीच्या माणसाला याहून चांगली गोष्ट ऐकायला मिळत नाही. थर्मामीटरच खोटं बोलत असेल तर पुढची सगळी नोंदवही खोटी.

सराव: प्रोजेक्टवर पाच वाक्यं लिही. पहिल्यात "आम्ही" चालेल, उरलेली चार "मी" ने. खोटं श्रेय घ्यायचं नाही. मैत्रिणीने केलेलं काम तिच्या नावावर सांग, त्यानेही तुझंच वजन वाढतं.

"स्वतःबद्दल सांगा"

हे उत्तर तीन मिनिटं चाललं आणि त्यात बायोडेटा वाचून दाखवल्यासारखं होतं. दहावीचे टक्के कुणी विचारले नव्हते. दीड मिनिटात संपव.

यात एक गोष्ट तू लपवलीस, असं मला वाटतं. तुझी आई हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेते, लहानपणी तिचा हिशेब तू लिहायचीस. हे कॉलेजात आम्हाला माहीत होतं. पॅनलसमोर तू फक्त "घरचा छोटा व्यवसाय आहे" म्हणालीस. यात लाजण्यासारखं काहीही नाही, उलट मुलाखतीत तुझ्याएवढं सांगण्यासारखं फार कमी मुलींकडे असेल. कल्ले उघडून, डोळा बघून, बोट दाबून ताजा मासा ओळखायला तू पुस्तक उघडण्याआधी शिकलीस. ते सांग. अगदी साधं: "मी हर्णैची. आई बंदरावर लिलावात मासळी घेते, तिच्याबरोबर मासा पारखायला शिकले. मग शिरगावला बी.एफ.एससी. केलं, तिथे त्या पारखण्यामागचं शास्त्र कळलं." पुढे प्रोजेक्टचं एक वाक्य आणि ही नोकरी का हवी त्याचं एक. बस.

सर आणि मॅडम एकमेकांच्या उलट बोलले, तिथे

४४:०० ला सर म्हणतात, उत्तरं छोटी कर. ४६:१० ला मॅडम म्हणतात, अजून खुलवून सांग. तू गोंधळलीस, ते साहजिक होतं. दोन्ही ठिकाणं पुन्हा ऐकली तर कळतं की सर हॅसपच्या उत्तराबद्दल बोलत होते आणि मॅडम "एकदा मतभेद झाला तेव्हा काय केलं" या प्रश्नाबद्दल. तिथे तू एका ओळीत संपवलंस: "तसं काही झालं नाही." म्हणजे माहितीचा प्रश्न असेल तर आटोपशीर, प्रसंगाचा प्रश्न असेल तर प्रसंग पूर्ण: काय झालं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. लॅबमध्ये नमुन्याचं लेबल पुसलं गेलं होतं आणि सीनियरने "चालेल, लिहून टाक" म्हटल्यावर तू नमुना पुन्हा घेतलास, तो प्रसंग आहे ना? तोच सांग.

बारीकसारीक

कोळंबीवरचे काळे डाग जिवाणूंमुळे पडतात असं तू म्हणालीस (१७:३०). ते एन्झाइमचं काम आहे, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. म्हणून कोळंबी मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात बुडवतात, आणि सल्फाइटची काहींना अ‍ॅलर्जी असते म्हणून त्याचं प्रमाण तपासून लेबलवर लिहावं लागतं.

मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, कारखाना काय करतो या प्रश्नावर "बंद असतो" हे उत्तर कमी पडलं. फ्रीझरची दुरुस्ती, उपकरणांची तपासणी, कामगारांचं प्रशिक्षण, शेततळ्यातली कोळंबी, यातलं काहीही दोन-तीन सांग.

रात्रपाळीबद्दल विचारल्यावर तू आधी गप्प, मग "हो चालेल". घरी नक्की काय ठरलंय ते मुलाखतीआधी बोलून घे. राहायची आणि रात्री परतण्याची सोय काय आहे, हे तू त्यांना विचारू शकतेस, त्यात गैर काही नाही. पगाराच्या प्रश्नालाही "तुम्ही द्याल तो" नको. ट्रेनीला साधारण काय देतात ते दोन सीनियर मुलींना विचार आणि आकडा सांग.

इंग्रजीत अडकलीस की तू "सॉरी सर" म्हणून वाक्य सोडून देतेस. पॅनलला मराठी येत असेल तर "हे मराठीत सांगते" म्हणून पूर्ण कर. नसेल येत तर तुटक इंग्रजीत पूर्ण कर. पण सोडू नकोस.

मी काय वगळलं

"आत्मविश्वास वाढव" असं दोघेही म्हणाले. ते मी मुद्द्यांत घेतलं नाही, कारण त्याचा सराव करता येत नाही. त्यांना खटकलेली खरी गोष्ट ऐकली की सापडते: वाक्याचा शेवट तू गिळतेस. "केलं", "तपासलं", "नोंदवलं" ही क्रियापदंच ऐकू येत नाहीत. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड कर आणि प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद ऐकू येतं का तेवढंच बघ. ड्रेसवरची चर्चाही सोडून दिली, तुझा ड्रेस व्यवस्थित होता.

रविवारपर्यंत

रोज ट्रकचं उत्तर एकदा मोठ्याने, घड्याळ लावून, दोन मिनिटांच्या आत. एक दिवस आईसमोर बोल. तिला हिस्टामाइन हा शब्द कळला नाही तरी चालेल, पण तू माल का अडवलास ते तिला पटलं पाहिजे. "स्वतःबद्दल" आणि लेबलचा प्रसंग एक दिवसाआड. आकडे आणि काळ्या डागांचं कारण एका कागदावर लिहून मला पाठव, मी तपासून देते.

रविवारी दहा वाजता पुन्हा बसू. सर ट्रकचाच प्रश्न घेणार आहेत, या वेळी बांगड्याऐवजी म्हाकूल. त्यात हिस्टामाइनची काळजी बांगड्यासारखी नाही, तेव्हा पाठ केलेलं उत्तर चालणार नाही. काय बदलेल याचा विचार करून ये.