ईश्वरीच्या बीएमआय रिपोर्टबद्दल

नमस्कार मनीषाताई,

तुमचा मेसेज रात्री उशिरा वाचला. ईश्वरीची रात्रीची पोळी बंद केलीत असं लिहिलंय. ती आजपासून परत सुरू करा, मग पुढचं वाचा.

शाळेच्या कार्डावरचं ‘८६ पर्सेंटाइल’ म्हणजे तिच्या अंगात ८६ टक्के चरबी आहे असं तुम्हाला वाटलं. तसं अजिबात नाही. तिच्या वयाच्या शंभर मुली बीएमआयप्रमाणे, म्हणजे उंचीच्या मानाने असलेल्या वजनाप्रमाणे, रांगेत उभ्या केल्या, तर साधारण ८६ जणी तिच्या मागे असतील, एवढंच तो आकडा सांगतो. त्याही तिच्या वर्गातल्या मुली नव्हेत. कार्डावर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २००० सालचा तक्ता वापरलाय, त्यातली मोजमापं आणखी जुनी आहेत. त्यात ८५ च्या पुढे ‘जादा वजन’ आणि ९५ पासून ‘लठ्ठपणा’ धरतात.

उंची १५६ सेंमी, वजन ५६ किलो, म्हणून बीएमआय २३. वजन एकच किलो कमी भरलं असतं, तर कार्डावर ‘नॉर्मल’ आलं असतं! आणि शाळेच्या तपासणी शिबिरात मुली गणवेशात, डबा खाऊन काट्यावर चढतात.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती माझ्याकडची जुनी नोंद. दहाव्या वर्षी ती १३६ सेंमी आणि ३६ किलो होती, म्हणजे तेव्हाही ८२ च्या आसपास. सव्वातीन वर्षांत पोरगी वीस सेंमी वाढली आणि जवळपास त्याच वाटेने चाललीय. आलेख अचानक वर उसळला असता, तर मीच तुम्हाला फोन केला असता. शिवाय गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली. या वयात मुलींच्या कमरेवर, मांड्यांवर थोडी चरबी येतेच, शरीराला ती हवी असते.

तरी एक गोष्ट मी सोडून देणार नाही. आपल्याकडच्या मुलांमध्ये कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता जास्त कडक आहे. त्यातही ती ‘जादा वजन’ याच पट्ट्यात येते. त्यात तिच्या बाबांना डायबेटिस. म्हणून कमरेचा घेर, बीपी आणि उपाशीपोटीची साखर एकदा बघून घेऊ. डायबेटिसच्या धोक्याची एक खूण म्हणून तिच्या मानेची मागची बाजू काळपट, मखमलीसारखी जाडसर झाली आहे का, तेवढं सहज बघा. आंघोळीत घासून तो काळेपणा जात नसेल, तर मला नक्की सांगा. पण तिच्यासमोर त्यावर बोलू नका.

आजींनाही समजावा, ‘जाड झालीस’ हा शब्द घरात नको. तेरा वर्षांची मुलगी तो विसरत नाही. मग ती डबा न खाता परत आणते किंवा लपून खाते, दोन्ही मी पाहिलंय. बदल करायचाच तर सगळ्यांसाठी करा: फ्रीजमधलं कोल्ड्रिंक बंद, आणि क्लास जवळ असेल तर स्कूटरवर न सोडता चालत जाऊ द्या.

शनिवारी सकाळी नऊला उपाशीपोटी घेऊन या, पोहे डब्यात घेऊन. बूट काढून उंची मी स्वतः मोजेन, आणि थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलेन.

डॉ. वैशाली